एकट्याचं काम: स्वतःच्या नावावर ठेवावं की फर्म नोंदवावी?

"आता कंपनी काढावी का?" हा प्रश्न बहुतेक फ्रीलान्सरांना कमाई स्थिरावल्यावर पडतो. सांगलीत, मिरजेत घरी बसून पुण्याच्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर, डिझाइन, ड्रॉइंग किंवा हिशेबाचं काम करणाऱ्यांची संख्या वाढली तसा हा प्रश्नही वाढला. उत्तरं मात्र ऐकीव असतात. कुणी म्हणतं कंपनीला कर कमी, कुणी म्हणतं एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, केली की घर सुरक्षित, कुणी म्हणतं नोंदणी नसेल तर मोठं काम मिळतच नाही. या तिन्ही विधानांत थोडं खरं आहे. ते नेमकं किती आणि कुठवर, हे एका उदाहरणाने पाहू.

त्याआधी एक गोंधळ दूर करायला हवा. प्रोप्रायटर म्हणून काम करणं म्हणजे "बिनानोंदणीचं" काम करणं नव्हे. शॉप अॅक्टची ऑनलाइन सूचना, उद्यम नोंदणी, व्यवसाय कराचा क्रमांक, गरज असेल तर जीएसटी, आणि व्यवसायाच्या नावाने बँकेत करंट खातं, हे सगळं एकट्या माणसाला स्वतःच्या पॅनवर मिळतं. उद्यम नोंदणीला तर एक रुपयाही लागत नाही. पण यातल्या कशानेही नवी कायदेशीर व्यक्ती जन्माला येत नाही. बोर्डावर "अमुक टेक्नॉलॉजीज" लिहिलं तरी कायद्याच्या लेखी तुम्ही आणि तुमचा धंदा एकच. तुमच्यापासून वेगळी अशी कायदेशीर व्यक्ती हवी असेल तर दोन मुख्य वाटा आहेत: दोघे असाल तर एलएलपी, एकटेच असाल तर एका व्यक्तीची कंपनी, म्हणजे ओपीसी. साधी भागीदारी प्रोप्रायटर आणि या दोन वाटा यांच्या मध्ये कुठेतरी बसते, तिच्याकडे नंतर येतो.

आता उदाहरण. समजा, विश्रामबागेत राहणारी एक मुलगी आहे. पुण्याच्या एका कंपनीला सॉफ्टवेअर लिहून देते आणि सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्यांना बिलिंगचा प्रोग्रॅम करून, सांभाळून देते. वर्षाची जमा १८ लाख, सगळी बँकेतून. खोलीचं भाडं, इंटरनेट, लॅपटॉप, सॉफ्टवेअरची वर्गणी, अधूनमधून कामाला घेतलेला मदतनीस असा खरा खर्च ५ लाख. हातात राहतात १३ लाख. जमा २० लाखांच्या आत असल्याने जीएसटीची सक्ती तिच्यावर अजून नाही. घरात ती एकटीच कमावती आहे आणि धंद्यात भागीदार कुणी नाही.

तिने काहीच बदल न करता प्रोप्रायटर राहायचं ठरवलं तर तिच्याकडे एक फार उपयोगी तरतूद आहे. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, इंजिनिअर, सीए आणि माहिती तंत्रज्ञानासारख्या ठरावीक व्यवसायांतल्या माणसाला जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवून मोकळं होता येतं. खर्चाच्या पावत्या जोडायच्या नाहीत, ऑडिट नाही. सगळे तिला ४४एडीए या जुन्या कलम क्रमांकाने ओळखतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होऊन क्रमांक बदलले आहेत, पण सीएच्या टेबलावर तुम्हाला अजून हेच नाव ऐकू येईल. जमेची मर्यादा ५० लाख आहे, आणि रोखीने आलेली रक्कम एकूण जमेच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. आगाऊ कर चार हप्त्यांऐवजी १५ मार्चपर्यंत एकदाच भरायचा.

तर १८ लाखांचे निम्मे ९ लाख. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्यावर येतो, म्हणून तिचा कर शून्य. पुण्याच्या कंपनीने तिच्या बिलातून १० टक्के टीडीएस कापला असेल तर विवरणपत्र भरल्यावर तो परत येतो.

इथे एका गोष्टीवर थोडं थांबायला हवं, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर टेकलेला आहे. कायद्याची भाषा अशी आहे की जमेचे ५० टक्के, किंवा तुम्ही स्वतः त्याहून जास्त कमावल्याचं सांगितलंत तर ती जास्त रक्कम. म्हणजे ५० टक्के ही खालची पायरी आहे. तिचा खरा नफा १३ लाख असताना ९ दाखवावेत की १३, याबद्दल सीए मंडळींत एकमत नाही. बरेच जण ९ दाखवतात. काही जण सांगतात, हिशेबाच्या वहीत आणि बँकेत जास्त नफा उघड दिसत असेल तर तोच दाखवा, नाहीतर उद्या फ्लॅट घेताना पैसा कुठून आला हे समजावत बसावं लागेल. तिने १३ लाख दाखवले तर उपकरासह कर होतो ७८,००० रुपये. म्हणजे प्रोप्रायटर म्हणून तिचा कर शून्य आणि ७८ हजार यांच्यामध्ये कुठेतरी आहे. हा आकडा आधी आपल्या सीएकडून पक्का करून घ्या, मगच कंपनीचा विचार करा. तो पक्का नसताना केलेली तुलना हवेतली ठरते.

आता तीच मुलगी, तेच काम, पण ओपीसीत. लोक सांगतात की कंपनीला सुमारे २५ टक्के कर, म्हणजे १३ लाखांवर सव्वातीन लाख गेले. हे बरोबर नाही. ती कंपनीची संचालक आहे आणि कंपनी तिला पगार देऊ शकते. तो पगार कंपनीचा खर्च धरला जातो. ऑडिट, वार्षिक विवरणपत्रं आणि सीएची फी मिळून वर्षाला ४० हजार जातात असं धरू. सीएगणिक हा आकडा बदलेल. उरले १२ लाख ६० हजार. ते सगळे तिने पगार म्हणून घेतले, तर पगारदारांना मिळणारी ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन उत्पन्न ११ लाख ८५ हजार, म्हणजे पुन्हा कर शून्य. कंपनीकडे नफा उरला नाही, तिचाही कर शून्य. या पातळीवर कंपनी काढून करात फार तोटा नाही आणि फार फायदाही नाही. खरी किंमत आहे ती ४० हजारांची, आणि शिस्तीची.

एलएलपीचं चित्र मात्र वेगळं निघतं, आणि आपल्याकडे सल्ला बहुधा तिचाच दिला जातो. समजा, दोन माणसं लागतात म्हणून तिने आईला नावापुरती भागीदार केलं. एलएलपीला ४४एडीएची सवलत नाही. तिच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. स्लॅब नाहीत, १२ लाखांची सूटही नाही. काम करणाऱ्या भागीदाराला मोबदला देता येतो, पण त्याला कमाल मर्यादा आहे: नफ्याच्या पहिल्या ६ लाखांवर ९० टक्के आणि पुढच्या रकमेवर ६० टक्के. १३ लाखांवर हा मोबदला होतो ५ लाख ४० हजार अधिक ४ लाख २० हजार, म्हणजे ९ लाख ६० हजार. तेवढ्यावर तिला स्वतःला कर बसत नाही. पण एलएलपीत उरलेल्या ३ लाख ४० हजारांवर १,०६,०८० रुपये कर जातो. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला वर्षाला २० हजारांच्या वर मोबदला दिला की एलएलपीने १० टक्के टीडीएस कापायचा असतो, म्हणजे विवरणपत्रांची आणखी एक साखळी मागे लागते.

साधी भागीदारी फर्म ४४एडीए घेऊ शकते, हे ऐकून कुणाला वाटेल की तीच बरी. पण फर्मने ही पद्धत घेतली की भागीदाराचा मोबदला वेगळा वजा होत नाही. अख्ख्या ९ लाखांवर ३१.२ टक्के, म्हणजे २,८०,८०० रुपये. तिच्या बाबतीत यापेक्षा महाग मार्ग शोधून सापडणार नाही.

कर वाचवायला नवऱ्याला किंवा बायकोला संचालक करून पगार वाटून घेण्याचा उपायही सर्रास सुचवला जातो. तुमचा कंपनीत भरीव हिस्सा असेल आणि जोडीदाराकडे त्या कामाचं तांत्रिक किंवा व्यावसायिक शिक्षण नसेल, तर तो पगार परत तुमच्याच उत्पन्नात मिळवला जातो. जोडीदार खरोखर प्रोग्रॅमर किंवा अकाउंटंट असेल आणि खरोखर काम करत असेल तर गोष्ट वेगळी.

कर्ज आणि दावा कुणावर येतो

करापेक्षा मोठं कारण सांगितलं जातं ते जबाबदारीचं. प्रोप्रायटरवर दाव्यात हुकूमनामा झाला तर वसुली त्याच्या खाजगी मालमत्तेतूनही होऊ शकते, कारण मालमत्ता वेगळी अशी नाहीच. कंपनी किंवा एलएलपीत धंद्याचं देणं सर्वसाधारणपणे त्या संस्थेपुरतं राहतं. हे तत्त्व खरं आहे, आणि माल उधारीवर घेणाऱ्या, गोडाऊन भाड्याने घेणाऱ्या, दहा माणसं ठेवणाऱ्या धंद्याला त्याचा मोठा आधार असतो.

पण फ्रीलान्सरचं देणं असतं तरी कोणतं? त्याने माल घेतलेला नाही, कर्ज बहुधा नाही. त्याच्यावर दावा येईल तो त्याच्या स्वतःच्या कामातल्या चुकीचा: प्रोग्रॅममध्ये दोष राहिला, अडत्याची वर्षाची बिलं पुसली गेली, ग्राहकाचा गोपनीय डेटा बाहेर गेला. नेमकं इथेच संरक्षण पातळ होतं. एलएलपीच्या २००८ च्या कायद्यातच लिहिलंय की भागीदार स्वतःच्या चुकीच्या कृत्याला व्यक्तिशः जबाबदार राहतो. सहकाऱ्याच्या चुकीपासून एलएलपी वाचवते, स्वतःच्या चुकीपासून नाही. कंपनीत करारभंगाचा दावा कंपनीवरच येतो, पण हलगर्जीपणा तुमच्या हातून झाला असेल तर तुमच्यावर व्यक्तिशः दावा होण्याची वाट बंद होत नाही. आणि बँकेकडे कर्ज मागायला गेलात की छोट्या कंपनीच्या संचालकाची वैयक्तिक हमी मागितली जाते. ती सही केलीत की त्या कर्जापुरता कंपनीचा आडोसा संपला.

म्हणून माझं ठाम मत असं की एकट्या फ्रीलान्सरचं पहिलं संरक्षण करारातल्या एका कलमात असतं. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांच्या छापील करारात नुकसानभरपाईचं कलम असतं आणि त्याला बहुधा वरची मर्यादा नसते. दोन लाखांचं काम आणि भरपाई अमर्याद. सही करण्याआधी तिथे एक वाक्य घालायला सांगा: "या कामासंबंधीची माझी एकूण जबाबदारी, या कामापोटी मला प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेपेक्षा जास्त असणार नाही." पहिल्यांदा कंपनी नाही म्हणेल. मग शेवटच्या बारा महिन्यांच्या बिलांइतकी किंवा दुप्पट मर्यादा मागा, बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावर जुळतं. अजिबातच मानत नसतील आणि काम संवेदनशील असेल, म्हणजे रुग्णांच्या नोंदी किंवा पैशांचे व्यवहार, तर व्यावसायिक जबाबदारीचा विमा घ्या आणि त्याचा हप्ता बिलात धरा. आणि अशी कामं वरचेवर येऊ लागली, वर्षाच्या कमाईच्या मानाने करारांमधला धोका फुगत चालला, तर मात्र ४० हजार खर्चून कंपनी काढणं योग्य ठरतं. तेव्हा करारावर कंपनीचं नाव, कंपनीचा शिक्का आणि "संचालक" म्हणून तुमची सही हवी. नुसती स्वतःची सही केलीत तर उद्या वाद याच मुद्द्यावर रंगेल.

"नोंदणीकृत कंपनी असल्याशिवाय आम्ही काम देत नाही" असं ग्राहक म्हणाला तर लगेच धावू नका. त्यांच्या खरेदी विभागाला विचारा की नेमकं काय लागतं. पुष्कळदा त्यांना जीएसटी क्रमांक, उद्यम प्रमाणपत्र आणि व्यवसायाच्या नावाचं बँक खातं एवढंच हवं असतं. उद्यमचा आणखी एक उपयोग आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही ठरवली तरी ४५ दिवसांत, चुकतं करणं खरेदीदारावर २००६ च्या कायद्याने बंधनकारक आहे. लेखी करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला की त्यावर चक्रवाढ व्याज लागतं. हे संरक्षण प्रोप्रायटरलाही तितकंच मिळतं, फक्त काम घेण्याआधी उद्यम नोंदणी झालेली असावी आणि क्रमांक बिलावर छापलेला असावा.

दोघे एकत्र आले की

एकट्याच्या बाबतीत मी घाई करू नका म्हणतो. दोघांच्या बाबतीत उलट सांगेन, उशीर करू नका.

चित्र असं असतं. दोन मित्र, एकाला कोडिंग येतं, दुसऱ्याला ग्राहक मिळवता येतात. मिरजेत एक खोली घेतात, एका नावाने व्हिजिटिंग कार्ड छापतात. बिलं एकाच्या पॅनवर निघतात, पैसे त्याच्या खात्यात येतात आणि महिन्याच्या शेवटी निम्मे दुसऱ्याला दिले जातात. कागद काहीच नाही, कारण "आपल्यात कशाला कागद".

इथे भागीदारी झालेली आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार दोघांनी मिळून धंदा करायचा आणि नफा वाटून घ्यायचा असं ठरलं की भागीदारी होते, लेखी कराराची वाट ती पाहत नाही. परिणाम तीन. पहिला, एकाने घेतलेल्या कामाच्या देण्याला दुसराही पूर्ण जबाबदार, निम्म्यापुरता नव्हे. दुसरा, ही फर्म नोंदलेली नाही, म्हणून ग्राहकाने पैसे बुडवले तर करारावर बोट ठेवून त्याच्यावर दावा लावता येत नाही, आणि भांडण झालं तर धंदा चालू असताना भागीदाराला आपसातला हक्कही कोर्टात सहज मागता येत नाही. तिसरा परिणाम आयकराचा. सगळे टीडीएस एकाच्या पॅनवर कापले गेले, म्हणून खात्याच्या दृष्टीने पूर्ण जमा त्याची. दुसऱ्याला दिलेले निम्मे पैसे खर्च म्हणून दाखवायला त्याच्याकडे बिल नाही. दोघांची मिळून जमा २० लाखांवर गेली की जीएसटीची जबाबदारीही ज्याच्या पॅनवर बिलं आहेत त्याच्याच गळ्यात.

यातून बाहेर पडायचे दोन सरळ मार्ग आहेत. दोघे खरोखर स्वतंत्र असाल तर दोन प्रोप्रायटर राहा आणि एकमेकांना बिल द्या: ज्याने काम मिळवलं त्याने ग्राहकाला बिल करायचं आणि दुसऱ्याने आपल्या भागाचं बिल त्याला द्यायचं. प्रत्येकाच्या पॅनवर त्याची त्याची जमा, प्रत्येकाला आपापली १२ लाखांपर्यंतची सूट. धंदा खरंच एकत्र असेल, म्हणजे ग्राहक दोघांचे, माणसं दोघांनी ठेवलेली, नाव दोघांचं, तर एलएलपी करा आणि वर दाखवलेला कर मोजून करा. सहकाऱ्याच्या चुकीपासून संरक्षण इथे खऱ्या अर्थाने कामाला येतं. एलएलपीचा करारनामा इंटरनेटवरून उतरवू नका. मोबदला किती, एकाने सोडलं तर ग्राहक कुणाकडे जाणार, आणि लिहिलेला प्रोग्रॅम कुणाच्या मालकीचा, या तीन गोष्टी त्यात स्पष्ट हव्यात. मोबदल्याचं कलम नसेल तर तो खर्च म्हणून मंजूरच होत नाही. वार्षिक विवरणपत्रं दोन, एक ३० मेपर्यंत आणि दुसरं ३० ऑक्टोबरपर्यंत. उलाढाल ४० लाखांच्या आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर एलएलपी कायद्याखालचं ऑडिट लागत नाही.

कंपनी काढली, काम आटलं, आणि मग

नोंदणीचा खर्च लोक विचारतात, बंद करण्याचा विचारत नाहीत. प्रोप्रायटरने काम थांबवलं तर असतील त्या नोंदण्या रद्द करायच्या आणि विषय संपला. कंपनीचं तसं नाही. वर्षभरात एकही बिल निघालं नसलं तरी ऑडिट करावं लागतं आणि दोन वार्षिक फॉर्म, AOC-4 आणि MGT-7A, भरावेच लागतात. उशीर झाला की प्रत्येक फॉर्ममागे रोज १०० रुपये. दोन्हींचा मिळून वर्षभराचा उशीर ७३,००० रुपयांना पडतो. सलग तीन वर्षं विवरणं भरली नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो, दुसऱ्या कंपनीतही त्याला बसता येत नाही. नोकरी मिळाली म्हणून पुण्याला गेलेल्या आणि मागे कंपनी तशीच सोडलेल्या माणसाला हे सहसा दोन-तीन वर्षांनी, नोटीस आल्यावर कळतं. कंपनी कायमची बंद करायला वेगळा अर्ज आणि १०,००० रुपये सरकारी फी, तीही मागची सगळी विवरणं भरून झाल्यावर.

शिस्तीचा मुद्दा इथेच येतो. कंपनीच्या खात्यातले पैसे कंपनीचे असतात. त्यातून घरचा किराणा, मुलांची फी, गावाकडच्या ठिबकचा हप्ता भरला तर ते संचालकाने घेतलेलं कर्ज ठरू शकतं, आणि त्यावर कंपनी कायदा आणि आयकर दोन्ही नाराज असतात. पगार महिन्याच्या महिन्याला ठरलेला घ्यायचा आणि घर त्यावर चालवायचं, हे ज्याला जमत नाही त्याने ओपीसी काढू नये असं मला वाटतं.

आपल्या विश्रामबागेतल्या मुलीला मी काय सांगेन? सध्या प्रोप्रायटर राहा. उद्यम करून घे, करंट खातं वेगळं ठेव, वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर वेळेत भर, करारात जबाबदारीची मर्यादा घाल. तीनपैकी एक गोष्ट घडली की पुन्हा भेटू: जमा ७५ लाखांकडे जायला लागली, किंवा अमर्याद भरपाईचे करार टाळता येईनासे झाले, किंवा कुणी भागीदार म्हणून खरोखर आत आलं. यातलं तिसरं घडलं तर ओपीसी नको, कारण ती एकाच व्यक्तीची असते. तेव्हा एलएलपी किंवा खाजगी मर्यादित कंपनी.

बदल करायचाच झाला तर तारीख १ एप्रिल निवडा. नवा पॅन, नवं खातं, लागू असेल तर नवा जीएसटी क्रमांक येणार. वर्षाच्या मध्ये बदललं तर अर्धे टीडीएस जुन्या पॅनवर आणि अर्धे नव्यावर पडून दोन विवरणपत्रांचा मेळ घालत बसावं लागतं. जानेवारीतच नाव आरक्षित करून कंपनीची कागदपत्रं सुरू करा. मार्चमध्ये प्रत्येक ग्राहकाला लेखी कळवा की ३१ मार्चपर्यंतच्या कामाचं बिल जुन्या नावाने येईल आणि त्यानंतरचं नव्या, आणि चालू करार नव्या कंपनीच्या नावावर त्यांच्या सहीने बदलून घ्या. ती सही राहिली, तर कंपनी काढूनही त्या कामाची जबाबदारी तुमच्या एकट्याच्याच नावावर राहते.